‘तास सोडला’ : सभागृहातील बॅडमिंटन कोर्टाच्या संदेशाच्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२५, गुरुवार

भुसावळच्या यावल रस्त्यालगत असलेल्या आमच्या वसाहतीच्या सभागृहात एकच बॅडमिंटन कोर्ट आखलेले आहे. ते तासाप्रमाणे वाटून देण्यासाठी सर्व घरांना पाठवायचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश तयार करण्याचे काम समितीने आज माझ्याकडे सोपवले. नोंद घेतलेला तास न वापरणाऱ्याने तो वेळेत मोकळा करावा, हा नियम त्या संदेशात असावा आणि तो नुसता सूचनेसारखा न राहता प्रत्यक्ष चालावा, असे सचिव अप्पांनी स्पष्ट सांगितले आहे.

प्रथम वस्तुस्थिती नोंदवतो. सभागृहाचे छत पत्र्याचे आहे. फुलाला वाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून खेळताना पंखे बंद आणि दारे लोटलेली ठेवावी लागतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत तेथे कोणी उभे राहू शकत नाही. उरतात ते सकाळचे ५ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते १० असे दिवसाचे ८ तास, म्हणजे आठवड्याचे ५६. कोर्टाची मोजमापे नियमानुसार १३.४० मीटर बाय ६.१० मीटर असल्याने एका वेळी दुहेरीचे चार खेळाडू खेळतात, त्याहून जास्त नाही.

सध्या फाटकावरच्या वहीत रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची नावे लिहिली जातात. त्याच टेबलावर किल्लीची दुसरी वही असते आणि तिच्यात आमचे वॉचमन आबा किल्ली दिल्याची व परत घेतल्याची वेळ इमानेइतबारे लिहितात. या दोन वह्या आजवर कोणी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. मागच्या आठवड्याच्या पानांवर ५६ पैकी ४७ तासांपुढे नावे आहेत आणि किल्ली मात्र ३१ वेळाच गेलेली आहे. म्हणजे १६ तास नावावर राहून कुलुपात गेले, आणि त्यांतले ११ तास सकाळी ६ ते ८ व संध्याकाळी ७ ते ९ या सर्वांना हव्या असलेल्या वेळेतले आहेत. नाव नाही म्हणून परत गेलेल्यांची नोंद कुठेही नसते, परंतु आबांच्या सांगण्यानुसार रोज कोणी ना कोणी रॅकेट घेऊन येते आणि वही पाहून परत जाते.

५ एप्रिल, शनिवार

तास वाया का जातात हे कळल्याशिवाय संदेशात काय लिहायचे ते ठरणार नाही, म्हणून ज्यांच्या नावावर रिकामे तास दिसले त्यांपैकी बहुतेकांशी बोललो. बेफिकिरी हे कारण फार थोड्यांचे निघाले.

आपल्या वसाहतीत रेल्वेचा रनिंग स्टाफ, म्हणजे गाड्यांवर काम करणारे, बराच आहे, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात पाळीने जाणारे आहेत आणि वरणगावच्या आयुधनिर्माणीतलेही काही आहेत. पाळी बदलण्याची शक्यता असलेला माणूस रविवारी नाव लिहिताना एकाच दिवसाचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन्ही तास धरून ठेवतो, कारण कोणता उपयोगी पडेल हे त्याला त्या दिवशी ठाऊक नसते. दोन्हींपैकी एक वाया जाणार हे त्याच्या हिशेबात आधीच धरलेले असते. दुसरे कारण असे की नाव एकाचे असते आणि खेळणारे चार. ऐनवेळी दोघांनी नकार दिला की उरलेले दोघे ‘बघू, कोणी आले तर’ म्हणून तास धरून बसतात आणि शेवटी घरीच राहतात. तिसरे कारण सर्वांत साधे आहे. तास मोकळा करायचा म्हटले तर फाटकापर्यंत चालत जाऊन वहीतले नाव खोडावे लागते, आणि ते केल्याने कोणाचा फायदा झाला हे कधी कळतही नाही.

यावरून संदेशाचे काम नेमके काय ते ठरते. तास सोडणे हे तास धरून ठेवण्यापेक्षा सोपे झाले पाहिजे, आणि सोडलेला तास हवेत न राहता ठरावीक माणसाच्या हाती गेला पाहिजे. दंड, तंबी वगैरेचा विचार त्यानंतर करता येईल. अप्पांचा कल प्रथम दंडाकडे होता. पन्नास रुपये ठेवले तर लोक सरळ होतील, असे ते म्हणाले. माझे मत असे की पन्नास रुपये दिले की तास रिकामा ठेवण्याचा हक्क विकत घेतल्यासारखे होईल आणि ज्याला ते परवडतात तो पुढे कळवण्याची तसदीही घेणार नाही. तूर्त पैशाचा विषय बाजूला ठेवला आहे.

७ एप्रिल, सोमवार

नोंद कोठे घ्यायची यावर आज बराच वेळ गेला. तरुण मंडळींनी ग्रुपवर पोल टाकण्याचा पर्याय मांडला. पोलमध्ये बारापर्यंत पर्याय देता येतात, त्यामुळे दिवसाचे आठ तास त्यात सहज बसतात. अडचण अशी की एका पर्यायावर किती जणांनी मत द्यावे यावर बंधन घालता येत नाही, म्हणजे सहा ते सात या एका तासावर पाच घरांचे मत पडू शकते. त्याहून मोठी अडचण आमच्या मूळ विषयाशी संबंधित आहे. मत काढून घेतले तर त्याची सूचना कोणालाही जात नाही. ज्या गोष्टीची दवंडी पिटायला हवी तीच तेथे चुपचाप घडते, म्हणून पोलचा विचार सोडून दिला.

दुसरा पर्याय अनेक ग्रुपवर चालतो. कोणीतरी यादी टाकतो, प्रत्येक जण ती कॉपी करून आपले नाव घालतो आणि पुन्हा पाठवतो. यात काय होते ते कागदावर मांडून पाहिले. समजा यादीत सकाळी ६ ते ७ व संध्याकाळी ७ ते ८ हे दोन तास रिकामे आहेत. एका ताईंनी यादी कॉपी करून सकाळच्या तासासमोर आपले नाव लिहिले. त्या लिहीत असतानाच एका दादांनी तीच जुनी यादी कॉपी केली आणि संध्याकाळच्या तासासमोर नाव लिहून ताईंच्या नंतर अर्ध्या मिनिटाने पाठवली. आता ग्रुपवरच्या शेवटच्या यादीत दादांचे नाव आहे आणि ताईंचे नाव नाही. पुढचा माणूस शेवटचीच यादी कॉपी करतो, सकाळचा तास मोकळा दिसतो म्हणून आपले नाव घालतो आणि सकाळी सहा वाजता दाराशी आठ माणसे उभी राहतात. यात कोणीही लबाडी केलेली नसते. नाव सोडण्याच्या बाबतीत याच्या उलट घडते : खोडलेले नाव जुन्या यादीबरोबर परत जिवंत होते.

म्हणून निर्णय असा घेतला की यादी एकाच हातात राहील. फाटकाच्या टेबलावर ठेवलेला सभागृहाचा फोनच यादी पाठवेल आणि सदस्य फक्त एका ओळीचा निरोप टाकतील. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे सकाळची यादी दिवसभर दुरुस्त करत राहणे शक्य नाही. यादी ठरलेल्या वेळी नव्याने टाकावी लागेल आणि नियम मात्र वेगळ्या संदेशात, ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवावे लागतील.

१० एप्रिल, गुरुवार

तास किती आधी सोडला म्हणजे तो वेळेत सोडला असे मानायचे, हा आजचा विषय होता. समितीत चोवीस तास, बारा तास, दोन तास असे आकडे सुचवले गेले आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा आकडा सांगितला. हा आकडा सोडणाऱ्याच्या सोयीने ठरवता येत नाही. तो घेणाऱ्याच्या बाजूने ठरवावा लागतो, कारण सोडलेला तास दुसऱ्याच्या उपयोगी पडला तरच नियमाला अर्थ आहे. घेणाऱ्याला निरोप वाचायला वेळ लागतो, आणखी तिघांना विचारायला वेळ लागतो आणि घरातली कामे मागेपुढे करायलाही लागतो.

सकाळी ६ ते ७ हा तास घेऊन पाहू. तो पहाटे पाच वाजता सुटला तर फोनवर कोणाचे लक्ष नसते. ‘दोन तास आधी’ असा नियम ठेवला तर पहाटे चार वाजता सोडलेला तासही नियमात बसेल आणि तरीही रिकामा राहील, म्हणजे नियम पाळला जाईल आणि उपयोग होणार नाही. सकाळी खेळणारी माणसे रात्री दहाच्या सुमारास झोपतात. रात्री नऊला तास सुटला तर साडेनऊपर्यंत घेणारा आपल्या तीन साथीदारांना फोन करू शकतो आणि गजर लावून झोपू शकतो. नऊच्याही आधी, म्हणजे सात वाजताची मुदत ठेवली, तर सोडणाऱ्याचेच पक्के नसते. पाळीतला बदल त्याला बहुधा जेवणाच्या सुमारास कळतो. म्हणून सकाळच्या चारही तासांसाठी आदल्या रात्री नऊ.

संध्याकाळच्या तासांचा हिशेब वेगळा आहे. आयुधनिर्माणीतून किंवा दुकानातून परतणारा माणूस सहाच्या सुमारास वाटेत असतो आणि तेव्हा आलेला निरोप तो घरी पोहोचल्यावरच वाचतो. दुपारी चारला सुटलेला तास चहाच्या वेळी वाचला जातो, मुलांना व गृहिणींना तो ताबडतोब घेता येतो आणि कामावरच्या माणसालाही घरी निरोप देता येतो. म्हणून संध्याकाळच्या चारही तासांसाठी त्याच दिवशी दुपारी चार. तासागणिक वेगळी मुदत ठेवावी असेही एकाने सुचवले होते, परंतु आठ मुदती कोणाच्या लक्षात राहणार नाहीत. दोन राहतील.

आबांना हे सांगितले तेव्हा ते मूळचे शिरपूरकडचे असल्यामुळे त्यांच्या अहिराणीत इतकेच म्हणाले, “ज्याले येवानं नही, त्यानी रातलेच सांगी देवाले पाहिजे.” समितीच्या दोन बैठकांचा निष्कर्ष त्यात आला, असे अप्पा हसून म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

लोको पायलट असलेल्या एका भाऊंनी मुदतीवर रास्त हरकत घेतली. गाडीवर जाण्याचा कॉल साधारण दोन तास आधी येतो. संध्याकाळी सातच्या गाडीचा कॉल पाचला आला, तर त्यांचा सात ते आठचा तास दुपारी चारच्या मुदतीत सुटणे अशक्यच आहे. “बॅग भरू की तुमच्या नियमाचा निबंध लिहू?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नामुळे मसुद्यात दोन बदल झाले.

पहिला बदल असा की मुदतीनंतर सोडणे हा दोष मानला जाणार नाही. मुदतीच्या आत सोडलेला तास प्रतीक्षेतल्या घराला क्रमाने मिळेल आणि मुदतीनंतर सोडलेला तास जो प्रथम मागेल त्याला मिळेल, फरक एवढाच. दोष फक्त न कळवता गैरहजर राहण्याचा. मुदतीनंतरच्या सोडण्यालाही दोष लावला असता, तर उशीर झालेल्या माणसाला कळवण्यात काहीच लाभ उरला नसता आणि त्याने गप्प बसणेच पसंत केले असते.

दुसरा बदल निरोपाच्या लांबीचा. तासांना १ ते ८ असे क्रमांक दिले आणि निरोप दोन शब्दांवर आणला. ‘६ सोडला’ एवढे टाकले की पुरे. दिवस लिहिला नसेल, तर त्या क्रमांकाचा जो तास यापुढे प्रथम येतो तोच समजायचा. आवाजी निरोप मात्र ग्रुपवर नको, कारण तो ऐकल्याशिवाय त्यात काय आहे हे कोणाला दिसत नाही. ज्याला टंकणे जमत नाही त्याने सभागृहाच्या फोनवर बोलावे, आबा त्याच्या वतीने निरोप टाकतील.

मसुदा वाचण्यासाठी दिला तेव्हा असे दिसले की फोनवर लांब संदेशाच्या सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात आणि पुढे ‘अधिक वाचा’ येते. वसाहतीची प्रस्तावना, समितीच्या ठरावाचा उल्लेख आणि ‘सर्व सन्माननीय रहिवाशांना कळविण्यात येते की’ हे सारे त्या मोक्याच्या जागी होते. ते काढून सोडण्याचा नियमच पहिल्या ओळींत आणला. परवापासून, म्हणजे मंगळवार १५ तारखेपासून, पुढील संदेश लागू होईल :

> *येणार नसाल तर तास सोडा.*
> ग्रुपवर तासाचा क्रमांक आणि ‘सोडला’ एवढेच लिहा. उदा. *६ सोडला*
>
> सकाळचे तास (१ ते ४) : आदल्या रात्री ९ पर्यंत.
> संध्याकाळचे तास (५ ते ८) : त्याच दुपारी ४ पर्यंत.
> त्यानंतर अडचण आली तरी सोडा. उशिरा सोडल्याबद्दल दोष नाही.
>
> १ : ५ ते ६, २ : ६ ते ७, ३ : ७ ते ८, ४ : ८ ते ९ (सकाळ)
> ५ : ६ ते ७, ६ : ७ ते ८, ७ : ८ ते ९, ८ : ९ ते १० (संध्याकाळ)
>
> मुदतीत सोडलेला तास प्रतीक्षेतल्या पहिल्या घराला मिळेल. त्यांनी अर्ध्या तासात ‘घेतला’ लिहावे, नाहीतर तो पुढच्या घराला जाईल.
> मुदतीनंतर सोडलेला तास जो प्रथम ‘घेतला’ लिहील त्याचा.
>
> तास सुरू होऊन १० मिनिटे झाली आणि कोणी आले नाही, तर दाराशी असलेल्यांना किल्ली मिळेल.
> महिन्यात दोनदा न कळवता गैरहजर राहणाऱ्या घराला पुढचा आठवडा आगाऊ नोंद मिळणार नाही. सोडलेले तास मात्र घेता येतील.
>
> रोजच्या याद्या : रात्री ९.४५ आणि दुपारी ४.४५, फक्त सभागृहाच्या फोनवरून.

शेवटच्या नियमातील शिक्षा अप्पांना सौम्य वाटली. माझ्या मते ती मुद्दाम तशीच हवी, कारण गैरहजर राहिलेले घर एक आठवडाभर सोडलेल्या तासांवर अवलंबून राहते आणि इतरांनी वेळेवर सोडण्याची किंमत त्याला घरबसल्या कळते.

१७ एप्रिल, गुरुवार

काल संध्याकाळचे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे असे पुन्हा होणार आहे. तास ६ एका घराच्या नावावर होता आणि प्रतीक्षेत कोणी नव्हते. त्या घराने ५ वाजून १० मिनिटांनी ‘६ सोडला’ असे टाकले. मुदत संपलेली असल्यामुळे जो प्रथम मागेल त्याचा, असा नियम लागू झाला. तळमजल्यावरच्या काकूंनी आणि मागच्या इमारतीतल्या एका विद्यार्थ्याने ‘घेतला’ लिहिले. सात वाजता दोघेही आपापले साथीदार घेऊन हजर झाले आणि दोघांच्याही फोनवर स्वतःचाच निरोप आधी दिसत होता.

दोघेही खरेच सांगत होते. मागच्या इमारतीत नेटवर्क कमी मिळते. विद्यार्थ्याने निरोप लिहिला तेव्हा तो त्याच्या फोनवर लगेच उमटला, पण नेटवर्क येईपर्यंत बाहेर पडला नाही आणि तोपर्यंत काकूंचा निरोप सर्वांकडे पोहोचला होता. स्वतःचा निरोप स्वतःच्या पडद्यावर लिहिल्या जागी राहतो, दुसऱ्यांचे मात्र पोहोचतील तसे खाली येतात, म्हणून एकाच ग्रुपचा क्रम दोन फोनवर वेगळा दिसू शकतो. सभागृहाच्या फोनवर काकूंचा निरोप आधी होता, त्यामुळे तास काकूंना दिला. विद्यार्थ्याने ते मान्य केले, परंतु नियम आधी लिहिलेला असता तर वादाला जागा उरली नसती, हे त्याचे म्हणणे योग्य आहे. संदेशात ओळ वाढवली : ‘क्रम सभागृहाच्या फोनवर दिसेल तोच धरला जाईल, तेथून ✅ आल्याशिवाय तास आपला समजू नये.’ आबांनी हिरवी खूण टाकायला लगेच शिकून घेतले. ते रजेवर असतील तेव्हा फोन कोणाकडे राहील हे अप्पांनी ठरवायचे आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

दहा मिनिटांच्या नियमावरून आठवडाभर कुरबुरी चालू आहेत. एका घराने तास सुरू होताना धाकट्या मुलाला रॅकेट देऊन दाराशी पाठवले आणि मोठी माणसे वीस मिनिटांनी आली. मूल आलेले असल्यामुळे ‘कोणी आले नाही’ असे म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी याच युक्तीचे अनुकरण झाले. यावर उपाय म्हणून निदान दोन खेळाडू कोर्टावर हवेत असे ठरवले, कारण दोघे असले तर एकेरी तरी खेळता येते आणि तास खरोखर वापरात येतो. तसेच वेळ सभागृहातील भिंतीवरच्या घड्याळाची धरायची. ते घड्याळ चार मिनिटे पुढे होते, ते आज बरोबर केले.

दहाच मिनिटे का, पाच किंवा पंधरा का नाहीत, असेही विचारले गेले. पंधरा मिनिटे थांबल्यावर उरलेल्या पाऊण तासात अंग मोकळे करून दुहेरीचे तीन गेम नीट होत नाहीत, त्यामुळे दाराशी वाट पाहणाराच निघून जातो. पाच मिनिटे ठेवली तर आधीच्या चौघांनी बूट काढेपर्यंतच ती संपतात.

१ मे, गुरुवार

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. सासुरवाशिणी माहेरी आल्या, अनेक घरे गावाकडे गेली आणि सोमवारपासून ग्रुपवर ‘सोडला’चे निरोप सारखे येत राहिले. मुदतीत सोडलेल्या बऱ्याच तासांना घेणारे मिळाले नाहीत. एका दादांनी विचारले की आपण सोडलेला तास कोणी घेतला नाही तर तो आपल्या खात्यावर गैरहजेरी म्हणून लागेल काय. लागणार नाही. सोडणाऱ्याची जबाबदारी निरोप पोहोचला की संपते, आणि हे संदेशात लिहिण्याची गरज नाही, उत्तर म्हणून ग्रुपवर टाकले तेवढे पुरे. संदेशात प्रत्येक शंकेचे उत्तर घालत गेलो तर पुन्हा ‘अधिक वाचा’च्या पलीकडे जाऊ.

काल दुपारी सभागृहात पोरीबाळींनी झोके बांधले होते, त्यामुळे संध्याकाळचे तास ५ व ६ समितीनेच काढून घेतले. कार्यक्रमासाठी सभागृह लागल्यास ज्यांचा तास जातो त्यांना त्या आठवड्यात प्रतीक्षेत पहिला क्रमांक द्यावा, असे ठरले. अचानक उद्भवलेल्या प्रसंगी आधी सूचना देता येणार नाही, हे सर्वांना मान्य आहे.

८ मे, गुरुवार

नियमाच्या चौकटीत राहून केलेली एक चतुराई आता वह्यांत दिसू लागली आहे. दोन घरे रविवारी आठवड्याचे सहा-सात तास घेतात आणि रोज रात्री नऊला पाच मिनिटे असताना नको ते सोडतात. नियम मोडला जात नाही, दोष लागत नाही, तरीही चांगले तास आठवडाभर त्यांच्याच निवडीसाठी राखून ठेवल्यासारखे होतात आणि बाकीच्यांना रात्री नऊपर्यंत ताटकळावे लागते. ही गोष्ट किल्लीच्या वहीवरून कळली नसती, कारण ते तास शेवटी वापरले गेले आहेत. सोडल्याच्या निरोपाची वेळ लिहून ठेवू लागलो तेव्हाच ती दिसली.

यावर एक पर्याय असा होता की सोडलेला तास दुसऱ्याने घेतला तरच तो सोडणाऱ्याच्या आठवड्याच्या वाट्यात परत जमा करावा. त्यामुळे लवकर सोडण्याचे आकर्षण वाढले असते. तर्क पटण्यासारखा आहे, परंतु त्यासाठी आबांना प्रत्येक घराचे जमाखर्चाचे खाते ठेवावे लागेल आणि पहाटे पाचचा तास सोडणाऱ्याला, तो कोणी घेत नसल्यामुळे, विनाकारण फटका बसेल. त्याऐवजी साठवण होतेच कशी हे पाहिले. एका वेळी पुढचे कितीही तास हाती ठेवता येतात म्हणून ती होते. म्हणून एका घराच्या हाती एका वेळी न खेळलेले दोनच तास राहतील असे ठरवले. एक खेळला किंवा सोडला की तिसरा घेता येईल. यादी पाहताच हे तपासता येते, वेगळे खाते लागत नाही.

पाळीवाल्यांचा सकाळ-संध्याकाळ असे दोन्ही तास धरण्याचा प्रश्न यात बसतो काय, हेही पाहिले. बसतो. त्यांचे दोन तास त्याच दिवसाचे असतील, एक खेळतील, दुसरा सोडतील आणि मग पुढच्या दिवसाचे घेतील. वीज केंद्रातल्या दोघांशी बोललो, त्यांची हरकत नाही. आयुधनिर्माणीतल्या एकाची आहे, कारण त्यांचा चौघांचा गट आठवडा आधीच ठरतो आणि त्यांना तीन निश्चित तास हवे असतात. त्यांना सुचवले की चौघे चार घरांतले आहेत, तेव्हा नावे वाटून घ्यावीत. यात पळवाट आहे हे मला ठाऊक आहे. चार घरे मिळून आठ तास धरू शकतात, परंतु तेवढे तास सोडण्यासाठी चार माणसांना रोज आठवण ठेवावी लागेल आणि तेवढा खटाटोप फारसा कोणी करणार नाही, असा माझा अंदाज आहे.

१८ मे, रविवार

गेल्या आठवड्याच्या दोन्ही वह्या आणि ग्रुपवरील निरोप एकत्र वाचले. ४४ तासांची नोंद झाली, त्यांपैकी १५ सोडले गेले आणि त्यांतले ११ दुसऱ्यांनी घेतले. न कळवता रिकामे राहिलेले तास २, आणि त्यांपैकी एक दहा मिनिटांनंतर दाराशी असलेल्या मुलांना मिळाला. किल्ली एकूण ३९ वेळा गेली. मार्चअखेरच्या आठवड्याशी हे आकडे थेट ताडून पाहणे मला योग्य वाटत नाही, कारण आता शाळांना सुट्टी आहे आणि सोडलेले तास घेणाऱ्यांत मुलांचाच भरणा आहे. शाळा जूनमध्ये सुरू झाल्यावर सकाळचा सुटलेला तास कोण घेतो, यावर रात्री नऊची मुदत टिकते की आठवर आणावी लागते, हे ठरेल. संध्याकाळच्या चारच्या मुदतीबद्दल मात्र कोणाची तक्रार उरलेली नाही.

सोडूनही कोणी न घेतलेल्या चार तासांपैकी तीन पहाटे पाचचे होते. मागणी नसलेला तास संदेशाने भरत नाही. तो तास आगाऊ नोंदीतून काढून जो येईल त्याला खुला ठेवावा, असे अप्पांना सुचवले आहे.

एक व्यवस्थेची बाब. पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस माथ्यावर राहतो. १५ एप्रिलला पिन केलेला संदेश गुरुवारी आपोआप खाली गेला आणि शुक्रवारी-शनिवारी नव्या भाडेकरूंनी नियम कोठे आहेत असे विचारले. दोन तासांची मर्यादा, दोन खेळाडूंची अट आणि ✅ ची ओळ घालून सुधारलेला संदेश आज पुन्हा पिन केला. त्याचीच मोठ्या अक्षरांतली छापील प्रत दाराच्या आतल्या बाजूला लावली आणि पुढचे पिन १६ जूनला करायचे, असे आबांच्या किल्लीच्या वहीत त्या तारखेच्या पानावर लिहून ठेवले.